लांबट चेहरा, वरचा ओठ पातळ : मिशी कशी ठेवावी?

उनाड_नाशिककर

मंडळी, विषय किरकोळ वाटेल, पण मला खरंच सल्ला हवाय. वय 33, आजवर बहुतेक सफाचट. चेहरा लांबट आहे. बायकोने शिंप्याच्या टेपने मोजून दिलं : कपाळावरच्या केसांपासून हनुवटीपर्यंत 21 सेंमी, गालफडांपाशी रुंदी 13. वरचा ओठ अगदी पातळ. तोंड मिटलं की त्याचा लाल भाग जेमतेम 4 मिमी दिसतो, खालचा त्याच्या दुप्पट. आणि नाकाच्या बुडापासून ओठाच्या कडेपर्यंत 18 मिमी नुसती कातडी.

मधे मिशी वाढवली होती. चांगली आली होती. एका सलूनमध्ये दाढीला बसलो, डोळे मिटले, आणि उघडले तेव्हा त्या माणसाने न विचारता वरून-खालून वस्तरा लावून ती कोरून टाकलेली. पातळ रेघ, ओठापासून चांगली वर. ऑफिसात मित्र म्हणाला, "अरे, तुझं तोंड कुठे गेलं?" काढून टाकली. आता परत वाढवायची आहे, पण या वेळी आकार ठरवूनच. दाढीला ऑफिसची हरकत नाही, पण पूर्ण दाढी मला सोसत नाही, खाज सुटते.

वऱ्हाडी_ठेचा

सोप्पं आहे भाऊ. ओठ पातळ, तर झाकून टाक. झुपकेदार वाढव, ओठावर येऊ दे खुशाल. दिसलाच नाही तर पातळ कोण म्हणणार? आणि लांब चेहऱ्याला काहीतरी आडवं पाहिजे, म्हणून टोकं पिळून आकडे कर. मेण लावलं की झालं. आमच्या आजोबांची अशीच होती, पंचक्रोशीत नाव होतं.

मृण्मयी_क

अप्परलिप थ्रेडिंगनंतर मला दोन दिवस बारीक पुरळ येतं. कोरफडीचा गर लावून बरं वाटतं, पण पूर्ण जात नाही. तुम्ही वॅक्स करून बघितलं का?

वऱ्हाडी_ठेचा

ताई, त्यांना काढायची नाही, ठेवायची आहे 😄

मृण्मयी_क

अगं बाई! शीर्षकात फक्त "वरचा ओठ" वाचलं. असो. आता आलेच आहे तर थांबते, नवऱ्याचा चेहरा पण लांबच आहे.

कात्री_कंगवा

नमस्कार. कोल्हापुरात आमचं दुकान आहे, आजोबांपासून. असा चेहरा खुर्चीत बराच वेळा येतो म्हणून लिहितो.

नाशिककर साहेब, तुमच्याकडे दोन गोष्टी आहेत आणि गिऱ्हाईक दोन्ही एकच समजतं. ओठाचा लाल भाग कमी, ही एक. नाक ते ओठ अंतर जास्त, ही दुसरी. पहिली मिशीच्या खालच्या कडेवर अवलंबून, दुसरी वरच्या कडेवर. तुमच्या त्या सलूनवाल्याने दोन्ही कडा बिघडवल्या. वरून वस्तरा फिरवला म्हणून नाकाखालची मोकळी कातडी उघडी पडली आणि चेहरा आहे त्याहून लांब दिसला. खालून वस्तरा फिरवला म्हणून मिशी आणि ओठ यांच्यात एक पांढरी पट्टी राहिली. आता डोळ्याला आधी काळी रेघ दिसते, मग कातडीची पट्टी, आणि मग ती बारीकशी लाल रेघ. तीन रेघा एकाखाली एक. त्यातली सगळ्यात बारीक तुमच्या ओठाची, म्हणून मित्र म्हणाला तोंड कुठे गेलं.

राज कपूरसारखी बारीक मिशी ज्यांना शोभते त्यांचा चेहरा भरलेला असतो, ओठही भरलेले असतात. लांब चेहऱ्याला आणि पातळ ओठाला ती मागू नका.

आता वऱ्हाडी साहेबांचं. आडवं पाहिजे हे शंभर टक्के बरोबर. पण आकडे काढायचे म्हणजे मधून भांग पाडून केस दोन्हीकडे ओढावे लागतात. मग ओठाचा नेमका मधला भाग उघडा पडतो, जो आपल्याला झाकायचा होता. शिवाय आकडा धरायला चार-पाच सेंटिमीटर केस लागतात. मिशी महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढते. म्हणजे चार-पाच महिने, आणि तोवर आमटीत केस. आणि ओठ पूर्ण झाकायचं म्हणाल तर समोरून तोंडच दिसत नाही. माणूस गप्प बसला की रागावलेला वाटतो. पातळ ओठाच्या माणसाला लोक आधीच रागीट समजतात, त्यात भर कशाला?

माझं मत असं : वरची कड जशी निसर्गाने दिलीय तशी सोडायची, तिथे वस्तरा नाही. खालची कड बरोबर ओठाच्या कडेवर आणायची. वर नाही, खाली नाही. कातडीची पट्टी दिसता कामा नये आणि केस लाल भागावर येता कामा नयेत. मग ओठ नेमका कुठे सुरू होतो ते बघणाऱ्याला कळत नाही.

रंगपेटी

मी हौशी नाटकांची रंगभूषा करते, राज्य नाट्य स्पर्धेच्या तयारीत दरवर्षी ढिगाने मिशा चिकटवते. कात्री_कंगवा यांचं वरच्या कडेबद्दलचं म्हणणं अगदी मान्य. खालच्या कडेबद्दल थोडं वेगळं वाटतं, ते पुढे लिहिते.

आधी एक युक्ती. नाशिककर, मिशी वाढवून मग पस्तावण्यापेक्षा आधी काढून बघा. तीन-चार दिवसांचे खुंट असू द्या. आयब्रो पेन्सिल घ्या, काळी नको, गडद तपकिरी. खुंटांच्या दिशेने बारीक बारीक रेघा मारत मिशीचा आकार भरा. एका बाजूला एक आकार, दुसऱ्या बाजूला दुसरा. मग आरशाच्या जवळ जाऊ नका, बायकोला सहा-सात फुटांवरून फोटो काढायला सांगा, फोन डोळ्यांच्या उंचीवर धरून. सेल्फी नको. हाताच्या अंतरावरून काढलेल्या फोटोत नाक मोठं आणि चेहरा जास्तच निमुळता येतो, लांब चेहऱ्याचा माणूस त्यावरून चुकीचा निर्णय घेतो.

फोटोवर उभा निम्मा भाग कागदाने झाकून बघा. कुठल्या बाजूचा चेहरा आखूड वाटतो ते लगेच कळेल.

आता मतभेद. कड ओठाच्या बरोबर कडेवर आणली की ती रेघ फार ठसठशीत होते. रंगमंचावर मी अशा नटाला केस एक-दीड मिलिमीटर लाल भागावर येतील अशी मिशी लावते, आणि टोकं सरळ न कापता उभी कात्री धरून थोडी विरळ करते. कड विरघळते. पातळ ओठाला कुठलीच कडक रेघ सोसत नाही.

कात्री_कंगवा

ताई, नाटक दोन तासांचं. मिशी चोवीस तास. दीड मिलिमीटर आज ठेवलं तर चार दिवसांत तीन होतं. चहाची साय मिशीला. तुम्ही विंगेत जाऊन काढून ठेवता, गिऱ्हाईकाला ती सोय नाही.

विरळ करण्याचं मात्र पटलं. कात्री उभी धरून टोकं मोडायची. वस्तऱ्याची सरळ रेघ मीही मारत नाही.

आप्पा_सदाशिवपेठी

या धाग्यावर माझा अनुभव कदाचित उपयोगी पडेल. वय 74. तरुणपणी माझा वरचा ओठ बऱ्यापैकी भरलेला होता. वयानुसार तो पातळ होत गेला आणि नाकाखालचं अंतर वाढलं. समोरचे दात काढल्यावर तर ओठ आतच वळला. त्या काळात मिशी वाढवून बघितली, पण केस आधार नसल्यासारखे तोंडात पडायचे. न्हाव्याने कितीही कापली तरी तीच गत. कवळी बसवल्यावर ओठ पुढे आला आणि तीच मिशी एकदम जागेवर बसली. तात्पर्य, माझ्या वयाच्या कुणाला हा प्रश्न असेल तर त्याने सलूनआधी दातांच्या डॉक्टरांकडे जावे. कवळी नीट बसेपर्यंत मिशीचा आकार ठरवू नये.

बाकी आमच्या वेळी मिशी ठेवायची की नाही हे वडील ठरवत. पट्टी घेऊन मोजण्याची सोय नव्हती.

एडिसनचा_बंड्या

इकडे न्यू जर्सीत न्हाव्याला आकार समजावताना भाषाच संपते, म्हणून मी फोटो दाखवतो. फ्रेडी मर्क्युरीचा. त्याला मागे चार दात जास्तीचे होते, त्यामुळे पुढचे दात बाहेर आलेले, आणि तो त्याबद्दल जरा संकोचायचा. 1980 पासून त्याने ती प्रसिद्ध मिशी ठेवली. नाकापासून ओठापर्यंत पूर्ण भरलेली, खाली रुंद होत जाणारी, टोकं तोंडाच्या कोपऱ्यांशी. माझाही ओठ पातळ आहे आणि मला ती चालते. पण माझा चेहरा गोल आहे, त्यामुळे लांब चेहऱ्याचं सांगता येणार नाही.

वऱ्हाडी_ठेचा

मग अभिनंदनसारखी ठेवायची का? 2019 मध्ये आमच्या गावात निम्म्या पोरांनी तशीच ठेवली होती, मिशी थेट गालावर, कल्ल्यांकडे नेलेली. आडवी पण झाली, भारदस्त पण.

कात्री_कंगवा

त्या दोन महिन्यांत माझ्याकडेही रांग होती. गलमिशा गालावर भर देतात, म्हणजे अरुंद चेहऱ्याला तत्त्वतः चांगल्या. पण त्यात हनुवटी पूर्ण गुळगुळीत असते आणि मिशी तोंडाच्या कोपऱ्यापाशी खाली उतरून मग गालावर चढते. ते खाली उतरणं लांब चेहऱ्याला घातक. कोपऱ्याच्या खाली केस गेले की बघणाऱ्याची नजर हनुवटीकडे जाते. घोड्याच्या नालासारखी मिशी, फ्रेंच कट, नुसती हनुवटीवरची दाढी, हे सगळं त्याच कारणाने तुम्हाला वर्ज्य. यातलं काहीही केलं की चेहरा दोन बोटं लांब.

उनाड_नाशिककर

सगळ्यांचे आभार. पेन्सिलचा प्रयोग काल रात्री केला, बायको हसून हसून लोळली, पण कळलं भरपूर. डावीकडे ओठापर्यंत भरलेली, उजवीकडे सलूनवाल्याची पातळ रेघ. कागदाने झाकून पाहिलं तर दोन वेगळी माणसं वाटतात.

तीन शंका आहेत. एक, नाकाच्या बरोबर खाली जी खाच असते तिथे माझे केस विरळ आहेत. भरलेली मिशी ठेवली तर मध्ये फट दिसेल का? दोन, हसलो की माझा ओठ पूर्णच नाहीसा होतो. कड कुठल्या तोंडाला लावायची, मिटलेल्या की हसऱ्या? तीन, रुंदी किती?

कात्री_कंगवा

तिन्ही शंका रास्त आहेत. एकेक घेतो.

फट बहुतेकांना असते. पहिल्या पंधरा दिवसांत ती फार दिसते आणि तिथेच लोक घाबरून काढून टाकतात. पाच-सहा आठवडे कात्री लावू नका, खालच्या कडेलासुद्धा नाही. बाजूचे केस लांब झाले की ओलसर असताना कंगव्याने मधे वळवायचे. रोज सकाळी तसंच वळवत राहिलं की सवय लागते. त्यानंतरही फट दिसलीच तर तुमच्यासाठी ही मिशी नाही असं समजा. एरंडेल तेल लावून नवीन केस येत नाहीत, असलेले चमकतात एवढंच. दुकानात मी तेल विकतो तरी हे सांगतोय.

हसण्याचं. कड मिटलेल्या तोंडाला लावायची. ओठ सैल, दात एकमेकांवर दाबलेले नाहीत. बरेच लोक आरशापुढे मिशी कापताना ओठ खाली ताणून धरतात, नाकाखालची कातडी घट्ट करतात. ताणलेल्या ओठावर कड बरोबर वाटते, सोडला की मिशी वर सरकते आणि पुन्हा तीच पांढरी पट्टी. कापून झाल्यावर हसून बघायचं, ते फक्त कोपऱ्यांसाठी. हसल्यावर कोपऱ्यातले केस तोंडात जात असतील तर तेवढेच दोन-चार टिपायचे.

रुंदी. तोंड मिटून कोपरा शोधा, त्याच्या बाहेर अर्धा सेंटिमीटर. त्याहून जास्त गेलात तर गाल आत गेल्यासारखे दिसतात. आणि टोक कोपऱ्याच्या पातळीवर थांबलं पाहिजे, खाली नाही.

आता प्रत्यक्ष कापणी. केस कोरडे पाहिजेत. ओले केस लांब दिसतात, वाळल्यावर वर उडतात आणि तुम्ही जास्त कापलेलं असतं. बारीक दातांच्या कंगव्याने सरळ खाली विंचरा. लहान कात्री, नाकाच्या खाचेखालून सुरुवात, मग उजवा कोपरा. परत मधून, डावा कोपरा. कोपऱ्याकडून मध्याकडे येऊ नका, उंची चुकते. मग मशीनला 6 मिमीचं गार्ड लावून वरून खाली हलकं एकदा फिरवा, म्हणजे फुगवटा एकसारखा होतो. 3 मिमीचं लावलं तर कातडी दिसायला लागते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. दोन्ही बाजू कधीच तंतोतंत सारख्या होत नाहीत, कारण ओठच सारखा नसतो. उजवी जरा कमी केली, मग डावी, मग परत उजवी, असं करत लोक अर्ध्या तासात रेघेवर येतात. एका बाजूला दोनदा कात्री लावलीत की ठेवून द्या. चार पावलं मागे जा. तिथून फरक दिसत नसेल तर फरक नाही.

मृण्मयी_क

नवऱ्याला वाचून दाखवलं. म्हणतो "दाढीचं काय?" त्याला मिशीबरोबर खुंट ठेवायचे असतात.

रंगपेटी

मृण्मयी, लांब चेहऱ्याला खुंट चांगलेच, फक्त उलटे. लोक हनुवटीवर जास्त आणि गालावर कमी ठेवतात. तुम्ही गालावर, कानाजवळ 3 मिमी आणि हनुवटीवर 1 मिमी ठेवायला सांगा. रंगभूषेत मी हेच करते, जबड्याच्या बाजूला छटा गडद आणि हनुवटीच्या टोकाला फिकट. पण मधली सीमा सफाईने एकमेकांत मिसळली पाहिजे, नाहीतर हनुवटीवर टक्कल पडल्यासारखं दिसतं.

सातारी_कंदी

मला हे सगळं मोजमापाचं प्रकरणच पटत नाही. माझ्या काकांचा चेहरा लांब, ओठ पातळ, मिशी कोपऱ्याच्या खाली दोन बोटं लोंबलेली. त्यांच्याकडे बघून कुणी "लांब चेहरा" म्हणत नाही, "काय मिशी आहे" म्हणतात. चेहरा आखूड दिसला पाहिजे हे ठरवलं कुणी?

उनाड_नाशिककर

मीच ठरवलंय, माझ्यापुरतं. तुमच्या काकांना नमस्कार सांगा.

कात्री_कंगवा

सातारकरांचं म्हणणं खोटं नाही. मिशी इतकी जबरदस्त असली की चेहऱ्याकडे कोण बघतंय? पण तेवढे दाट केस लागतात. नाशिककरांची खाच विरळ आहे.

उनाड_नाशिककर

अपडेट. सहा आठवडे झाले. मधल्या काळात सासूबाईंनी दोनदा "आजारी आहात का" विचारलं. चौथ्या आठवड्यात केस थेट लाल भागावर आले होते, तेव्हा वऱ्हाडी साहेबांच्या पद्धतीचा नमुना आपसूक बघायला मिळाला. तोंड खरंच दिसेना. ऑफिसात एकाने विचारलं, काही बिनसलंय का. मी तर मजेत होतो.

गेल्या रविवारी कापली. दुसऱ्या सलूनमध्ये, खुर्चीत बसण्याआधीच सांगितलं की वस्तरा मिशीच्या आसपास आणायचा नाही, वरून अजिबात नाही. कारागीर जरा हिरमुसला, पण ऐकलं. त्याने पाणी मारायला फवारा उचलला तेव्हा त्यालाही थांबवलं. मधली फट वळवलेल्या केसांनी बऱ्यापैकी झाकली गेली आहे, पण वारा आला की उघडी पडते. चेहरा आखूड दिसतोय का? फोटोत थोडा, नक्की. वरचा ओठ पातळ आहे हे मात्र आता कुणाच्या लक्षात येत नाही, बायकोच्या सुद्धा, आणि ती टेप घेऊन बसली होती.

एकच तिढा आहे. त्याने कड बरोबर ओठाच्या कडेवर आणली, कात्री_कंगवांच्या सांगण्याप्रमाणे. पहिले दोन दिवस मला ती जरा कोरल्यासारखी वाटली. आज आठवडाभराने केस दोनेक मिलिमीटर खाली आलेत आणि मला आत्ताच ती जास्त बरी दिसतेय. बायको म्हणते रविवारची बरी होती.

रंगपेटी

म्हटलं होतं ना 🙂

कात्री_कंगवा

आठवड्याने बरी दिसते कारण रविवारी बरोबर कापली होती. पुढच्या रविवारी बघा, तेव्हा चार मिलिमीटर असतील. दर सात-आठ दिवसांनी खालची कड, आणि तीन आठवड्यांनी मशीन.

रंगपेटी

मग कापतानाच दीड मिलिमीटर ठेवा आणि दर चार दिवसांनी टिपा. कात्री घरात असतेच.

कात्री_कंगवा

घरी दर चार दिवसांनी कात्री हातात आली की महिन्याभरात रेघ होते. पैज लावा.

आप्पा_सदाशिवपेठी

श्री. नाशिककर, बायकोचे ऐका. मिशी तुमच्या नाकाखाली असली तरी दिवसभर बघायची तिला असते.

मृण्मयी_क

नवऱ्याने आज गाल 3, हनुवटी 1 करून घेतली. छान दिसतंय, पण कडेची सीमा दिसतेय, टक्कल पडल्यासारखी. रंगपेटी, मध्ये 2 मिमीचं गार्ड फिरवायचं का? किती रुंदीची पट्टी?

रंगपेटी

हो, 2 मिमी. ओठाच्या कोपऱ्यापासून सरळ खाली रेघ कल्पून तिच्या दोन्ही बाजूंना एकेक बोट. मशीन खालून वर नेताना शेवटी मनगट बाहेर वळवायला सांगा, म्हणजे पट्टीची कड उमटत नाही.